लहान शेत एकरी जास्त पिकतं का? एका जुन्या वादातून रिग्रेशनचे तीन दोष

१९६२ साली अमर्त्य सेन यांनी 'इकॉनॉमिक वीकली'मध्ये भारतीय शेतीवर एक छोटा लेख लिहिला. पन्नासच्या दशकात सरकारने निरनिराळ्या राज्यांत शेतीच्या जमाखर्चाच्या पाहण्या केल्या होत्या. तेव्हाच्या मुंबई राज्यातली पाहणी नाशिक आणि अहमदनगर जिल्ह्यांत झाली होती. त्या आकड्यांत सेन यांना एक गोष्ट दिसली: शेत जेवढं मोठं, तेवढं एकरी उत्पादन कमी. यावर पुढे अर्थशास्त्रात साठ वर्षं वाद चालला, कारण जमीनसुधारणेचं राजकारण त्याला चिकटलेलं होतं. लहान शेतकरी एकरी जास्त पिकवत असेल, तर मोठ्या जमिनी वाटून देण्याने न्यायही होतो आणि धान्यही वाढतं.

रिग्रेशनमध्ये, म्हणजे आकड्यांच्या ठिपक्यांतून नात्याची रेघ काढताना, येणाऱ्या दोषांची ओमिटेड व्हेरिएबल बायस, मल्टिकोलिनिअरिटी आणि हेटरोस्केडॅस्टिसिटी ही तीन नावं पाठ करून परीक्षेत उतरवणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. तिघांतला फरक विचारला की मात्र "तिन्ही असतील तर ओएलएस चुकतं" एवढंच उत्तर येतं. ते उत्तर चूक आहे. यातला एक दोष आकडाच खोटा करतो. दुसरा आकडा खोटा करत नाही, पण तो डळमळीत ठेवतो. तिसरा आकड्याला हात लावत नाही, त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा याचा हिशेब बिघडवतो. हा फरक समजायला सेन यांनी सुरू केलेल्या वादाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

## सहा शेतं

आधी ओएलएस, म्हणजे ऑर्डिनरी लीस्ट स्क्वेअर्स ही रिग्रेशनची नेहमीची रीत, काय करतं ते दोन वाक्यांत. कागदावर ठिपके आहेत: आडव्या अक्षावर शेताचे एकर, उभ्या अक्षावर एकरी उत्पादन. ओएलएस त्यांतून अशी सरळ रेघ काढतं की प्रत्येक ठिपक्याचं रेघेपासूनचं उभं अंतर मोजून, त्याचा वर्ग करून, सगळ्या वर्गांची बेरीज केली तर ती कमीत कमी यावी. रेघेचा उतार म्हणजे "एक एकर वाढला की एकरी उत्पादन कितीने बदललेलं दिसतं" हा आकडा. यालाच सहगुणक म्हणतात.

आता एक छोटं शिवार घेऊ. आकडे मी समजावण्यासाठी बनवले आहेत आणि हातानं पडताळता यावेत म्हणून मुद्दाम सोपे ठेवले आहेत. पीक रब्बी ज्वारी. काही जमीन भारी, काळी, खोल. काही हलकी, मुरमाड.

| शेत | एकर | जमीन | एकरी क्विंटल |
|---|---|---|---|
| १ | 1 | भारी | 10 |
| २ | 4 | भारी | 10 |
| ३ | 7 | भारी | 10 |
| ४ | 5 | हलकी | 6 |
| ५ | 8 | हलकी | 6 |
| ६ | 11 | हलकी | 6 |

या शिवारात शेताच्या आकाराचा एकरी उत्पादनावर काडीचाही परिणाम नाही. भारी जमीन एक एकर असो की सात, एकरी दहाच क्विंटल देते. हलकी जमीन पाच एकर असो की अकरा, सहाच देते. फक्त भारी जमिनीची शेतं लहान आहेत आणि हलक्या जमिनीची मोठी. असं प्रत्यक्षातही घडतं. जिथे माती कसदार तिथे वस्ती दाट होते, वाटण्या होत जातात आणि तुकडे लहान होतात. माळरानावर दहा एकर असूनही कुटुंबाचं भागत नाही.

जमिनीचा रकाना झाका आणि फक्त एकर आणि उत्पादन घेऊन रेघ काढा. एकरांची सरासरी 6, उत्पादनाची सरासरी 8. एकरांच्या सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज 60 येते. एकरांचा फरक गुणिले उत्पादनाचा फरक, यांची बेरीज −24 येते. −24 भागिले 60 म्हणजे −0.4. रेघ अशी:

```
एकरी उत्पादन = 10.4 − 0.4 × एकर
```

म्हणजे शेत दहा एकरांनी वाढलं तर एकरी चार क्विंटल घट. ज्या शिवारात आकाराचा परिणाम शून्य आहे, तिथे हे उत्तर आलं. हाच ओमिटेड व्हेरिएबल बायस. जे चल समीकरणात असायला हवं होतं ते बाहेर राहिलं, आणि त्याचं श्रेय किंवा दोष आत असलेल्या चलाच्या माथी बसला.

हा दोष किती मोठा असेल हे नेमकं सांगता येतं. दोन आकड्यांचा गुणाकार करायचा. पहिला, वगळलेल्या चलाचा उत्पादनावरचा खरा परिणाम: इथे हलक्याऐवजी भारी जमीन असली की 4 क्विंटल जास्त. दुसरा, वगळलेलं चल आणि आत ठेवलेलं चल यांचं नातं: भारी जमिनीला 1 आणि हलकीला 0 धरून तिची एकरांवर रेघ काढली तर उतार −0.1 येतो, म्हणजे प्रत्येक वाढत्या एकरामागे जमीन भारी असण्याचं प्रमाण दहा टक्क्यांनी उतरतं. 4 × (−0.1) = −0.4. आपल्याला आलेला सगळा उतार हा असा उसना आहे.

या गुणाकारातून तीन गोष्टी लगेच हाती येतात. दोनपैकी एक आकडा शून्य असेल तर बायस शून्य. म्हणजे जमिनीची प्रत उत्पादनासाठी कितीही महत्त्वाची असो, तिचा शेताच्या आकाराशी संबंधच नसेल, तर ती वगळल्याने आकाराचा सहगुणक बिघडत नाही. "हे महत्त्वाचं चल तुम्ही घेतलं नाही" एवढाच आक्षेप म्हणूनच पुरेसा नसतो. ते चल आत असलेल्या कशाशी बांधलेलं आहे, हेही आक्षेप घेणाऱ्याने दाखवायला हवं. दुसरं, बायसचं चिन्ह चल मोजलेलं नसतानाही सांगता येतं. माती उत्पादन वाढवते आणि मोठ्या शेतांत ती कमी कसाची असते, तेव्हा गुणाकार ऋण, म्हणून आपला उतार खऱ्यापेक्षा खाली आलेला असणार. आणि तिसरं, या गुणाकारात शेतांची संख्या कुठेच नाही.

हे तिसरं मला सगळ्यांत गंभीर वाटतं. वरच्या सहा शेतांच्या प्रत्येकी शंभर प्रती करा, सहाशे शेतं होतील. उतार तोच, −0.4. पण स्टँडर्ड एरर, म्हणजे उतार नमुन्यागणिक साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो याचं माप, 0.24 वरून 0.02 वर येतं. सहा शेतांवर संशोधक म्हणाला असता की काही ठाम सांगता येत नाही. सहाशेवर तो छातीठोकपणे सांगेल की मोठं शेत कमी पिकतं, आणि त्याच्या तक्त्यात त्या आकड्यापुढे तीन तारे असतील. माहिती वाढली तशी चूक कमी झाली नाही. चुकीबद्दलची खात्री तेवढी वाढली.

आणि संगणक हे पकडून देत नाही. रेघ काढल्यावर जे शिल्लक राहतं, म्हणजे ठिपका आणि रेघ यांतलं अंतर, त्याला शेष म्हणू. ओएलएसची रचनाच अशी आहे की शेष आणि आत घेतलेलं चल यांच्यातला सहसंबंध नेहमी शून्य येतो, बायस असो वा नसो. म्हणून "शेष आणि एकर यांचा संबंध तपासला, काही सापडलं नाही" हा पुरावा नव्हे. तो येणारच होता. शोध लागतो तो शेष बाहेरच्या एखाद्या गोष्टीसमोर मांडले की. आपल्या सहा शेतांचे शेष काढा: भारी जमिनीचे 0, 1.2 आणि 2.4, हलक्या जमिनीचे −2.4, −1.2 आणि 0. म्हणजे भारी जमिनीचा एकही ठिपका रेघेच्या खाली नाही, हलकीचा एकही वर नाही. पण हे दिसण्यासाठी जमिनीचा रकाना कोणीतरी भरलेला हवा, आणि तो भरायला शिवारात जावं लागतं.

आता जमीन समीकरणात घेऊन पुन्हा ओएलएस चालवा. भारी जमिनीचा सहगुणक 4 येतो आणि एकरांचा बरोबर 0.

प्रत्यक्षातला वाद इतक्या सरळपणे मिटला नाही. सुरजित भल्ला आणि प्रणय रॉय यांनी १९८८ साली देशभरातल्या हजारो शेतकरी कुटुंबांची माहिती घेऊन जमिनीची प्रत समीकरणात आणली, तेव्हा आकार आणि एकरी उत्पादन यांचं उलटं नातं बरंच फिकं झालं आणि अनेक जिल्ह्यांत दिसेनासं झालं. म्हणजे माती वगळल्यामुळे दिसत होतं ते काही प्रमाणात तरी मृगजळ होतं. पण २०१० मध्ये मादागास्करच्या भातशेतीवर क्रिस्टोफर बॅरेट आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात प्रयोगशाळेत तपासलेल्या मातीचे आकडे घेऊनही ते नातं टिकून राहिलं. एक चल आत घेतलं म्हणजे दोष गेला असं नसतं. माती गेली तरी घरच्या मजुरीचा प्रश्न उरतो, मोजणीतल्या चुकांचा प्रश्न उरतो. सेन यांचं स्वतःचं म्हणणंही मजुरीभोवतीच होतं: लहान शेतावर घरची माणसं राबतात आणि ती स्वतःच्या श्रमाला बाजारभाव लावत नाहीत.

## पाणी आणि खत एकत्र चालतात तेव्हा

बायसची अशी धास्ती घेतली की माणूस उलट्या टोकाला जातो आणि सापडेल ते चल समीकरणात कोंबतो. मातीची खोली, सातबाऱ्यावरची आकारणी, जमिनीचा भाव, विहीर आहे का, पाण्याच्या पाळ्या किती, खताच्या गोण्या किती. यातली बरीच चलं एकमेकांच्या सावलीसारखी असतात. सातबाऱ्यावर जी आकारणी रुपये-पैशांत लिहिलेली असते तिचं मूळच जुन्या सर्व्हेतल्या मातीच्या प्रतबंदीत आहे, तेव्हा मातीची खोली आणि ती आकारणी यांचं जुळणं साहजिक आहे. चलं अशी एकमेकांशी घट्ट जुळलेली असणं म्हणजे मल्टिकोलिनिअरिटी.

हा दोष जवळून पाहण्यासाठी दुसरी पाच शेतं घेऊ. इथे खरं समीकरण मी ठरवलं आहे: काहीही न देता 4 क्विंटल, पाण्याच्या प्रत्येक पाळीमागे 1, खताच्या प्रत्येक गोणीमागे 1. पहिल्या चार शेतांत शेतकऱ्यांनी जेवढ्या पाळ्या दिल्या तेवढ्याच गोण्या टाकल्या: एक-एक, दोन-दोन, तीन-तीन, चार-चार. उत्पादन 6, 8, 10, 12. नुसत्या या चार शेतांवरून पाण्याचं किती आणि खताचं किती हे कोणीच सांगू शकत नाही. दोघांचं मिळून एकजोडीमागे 2 एवढंच कळतं. संगणकही इथे थांबतो, किंवा एक चल गुपचूप वगळून टाकतो. याला परफेक्ट कोलिनिअरिटी म्हणतात.

पाचव्या शेतकऱ्याने तीन पाळ्या दिल्या आणि चार गोण्या टाकल्या. खऱ्या समीकरणाप्रमाणे त्याचं उत्पादन 11 यायला हवं, आणि तसं आलं तर ओएलएस पाण्याला 1 आणि खताला 1 अगदी बरोबर देतं. आता समजा खळ्यावरचं एक क्विंटल मोजायच्या आधीच मजुरीत दिलं गेलं, आणि वहीत 10 लिहिलं गेलं. ओएलएसचं उत्तर: पाण्याचा परिणाम 2, खताचा शून्य. आणि वहीत 12 लागलं तर पाण्याचा शून्य, खताचा 2. 13 लागलं तर पाण्याचा −1, खताचा 3, म्हणजे पाणी दिल्याने ज्वारी घटते! एका शेताच्या एका क्विंटलवर पाणी आणि खत यांची सगळी वाटणी टांगलेली आहे, कारण दोघांना वेगळं करणारा तो एकटाच साक्षीदार आहे.

पण या चारही उत्तरांत पाणी आणि खत यांची बेरीज पाहा. ती प्रत्येक वेळी 2 आहे. एक पाळी आणि एक गोणी मिळून दोन क्विंटल वाढतात, हे ओएलएसला पक्कं माहीत आहे. माहीत नाही ती फक्त त्यातली वाटणी. त्यामुळे जो शेतकरी दोन्ही बरोबरच देणार आहे, त्याच्या उत्पादनाचा अंदाज अशा समीकरणातूनही नीट येतो. आणि इथे बायसही नाही: चुका दोन्ही बाजूंना सारख्याच होत असतील, तर अनेक नमुन्यांत मिळून सरासरी 1 आणि 1 अशीच येईल. एखाद्या नमुन्यात मात्र वाटणी खूप हेलकावते. आणि ओएलएस हे लपवतही नाही. आपली पाच शेतं रेघेवर तंतोतंत बसवलेली आहेत, पण प्रत्यक्षात सगळ्याच शेतांत थोडाफार चढउतार असतो, आणि तेव्हा स्टँडर्ड एरर मोठी येते, म्हणजे समीकरण स्वतःच सांगतं की मला वाटणी नीट ठरवता येत नाहीये.

हे मोजायला व्हीआयएफ नावाचं माप वापरतात. एखादं चल बाकीच्या चलांवर टाकून रेघ काढायची, येणारा R², म्हणजे त्या चलाच्या चढउताराचा जेवढा हिस्सा बाकीच्या चलांवरून कळतो तो, घ्यायचा आणि 1 भागिले (1 − R²) करायचं. आपल्या पहिल्या सहा शेतांत एकर आणि जमीन यांच्यासाठी हा R² 0.4 आहे, म्हणून व्हीआयएफ 1.67. त्याचं वर्गमूळ 1.29. म्हणजे बाकी सगळं तेच राहिलं असतं तर जमीन समीकरणात घेण्याची किंमत एवढीच, की एकरांच्या सहगुणकाची स्टँडर्ड एरर सुमारे तीस टक्क्यांनी फुगते. बायस टाळण्यासाठी ही किंमत मी डोळे मिटून देईन. दोन चलांतला सहसंबंध 0.95 असेल तर व्हीआयएफ दहाच्या वर जातो आणि स्टँडर्ड एरर तिपटीहून मोठी होते. तेवढीच अचूकता हवी असेल तर दहापट शेतं लागतील. मल्टिकोलिनिअरिटीचा त्रास हा खरं तर माहिती कमी पडण्याचाच त्रास आहे, आणि तो कमी शेतं पाहिल्याने होणाऱ्या त्रासापेक्षा जातीने वेगळा नाही.

"व्हीआयएफ दहाच्या वर गेला, म्हणून मातीची खोली काढून टाकली" हे वाक्य मी एका प्रबंधाच्या मसुद्यात वाचलं होतं. विद्यार्थिनी हुशार होती, तिने कुठल्याशा टिपणातला नियम प्रामाणिकपणे पाळला होता. खोली काढल्यावर आकाराचा सहगुणक ठसठशीत ऋण झाला, स्टँडर्ड एरर आकसली, आणि तिला वाटलं निकाल सुधारला. आम्ही दोघं तासभर तो तक्ता समोर ठेवून बसलो. खोली आत असताना मोठी असलेली स्टँडर्ड एरर खरं बोलत होती: या माहितीतून आकार आणि माती यांची वाटणी नीट करता येत नाही. खोली काढल्यावर ती वाटणी कोणी केली नव्हती, मातीचं सगळं खापर आकाराच्या डोक्यावर फोडलं होतं. मल्टिकोलिनिअरिटीवरचा हा लोकप्रिय इलाज म्हणजे मागच्या दाराने ओमिटेड व्हेरिएबल बायस घरात घेणं आहे.

तिच्या समीकरणात आणखी एक गोष्ट होती जी नियमात लिहिलेली नव्हती. सातबाऱ्यावरची आकारणी आणि जमिनीचा भाव हेही एकमेकांशी जुळलेले होते आणि दोघांचे व्हीआयएफ मोठे होते. पण तिचा प्रश्न त्या दोघांबद्दल नव्हताच. ते दोघं मिळून मातीच्या प्रतीची जागा भरत होते, आणि त्यांनी आपसांत श्रेय कसंही वाटून घेतलं तरी एकरांच्या सहगुणकाला त्याचा धक्का लागत नाही. जे चल आपल्या प्रश्नाचं नाही त्याचा व्हीआयएफ कितीही असो, त्याला हात लावायचं कारण नाही.

## पंख्यासारखे पसरलेले ठिपके

आता एकरी उत्पादन सोडून एकूण उत्पादन घेऊ, कारण पुष्कळ पाहण्यांत तोच आकडा नोंदलेला असतो. एक एकरवाल्याचं नशीब फिरलं तर एकदोन क्विंटलांचा फरक. नऊ एकरवाल्याच्या शेतावर पाऊस रुसला तर सगळेच नऊ एकर एकदम मार खातात. आडवे एकर आणि उभं एकूण उत्पादन असे ठिपके काढले तर ते डावीकडे दाट आणि उजवीकडे पंख्यासारखे पसरत जातात. रेघेभोवतीचा हा पसारा सगळीकडे सारखा नसणं, याला हेटरोस्केडॅस्टिसिटी म्हणतात. नाव जितकं अवघड तितकी गोष्ट अवघड नाही.

एकसारख्या जमिनीची सहा शेतं घ्या: दोन एक एकरांची, दोन दोन एकरांची, दोन नऊ एकरांची. एकरी सरासरी 8 क्विंटल, आणि प्रत्येक जोडीत एकाला एकरी एक जास्त, दुसऱ्याला एक कमी. म्हणून एकूण उत्पादन 9 आणि 7, 18 आणि 14, 81 आणि 63. ओएलएसची रेघ काढा: उतार बरोबर 8. पसारा असमान आहे म्हणून रेघ कुठल्या बाजूला झुकली नाही. हेटरोस्केडॅस्टिसिटीने बायस येत नाही.

बिघडते ती स्टँडर्ड एरर. नेहमीचं सूत्र गृहीत धरतं की सगळीकडे पसारा सारखा आहे, म्हणून ते सगळ्या शेषांची एक सरासरी काढतं आणि तीच सर्वांना लावतं. एक एकराच्या शेतांतला शांतपणा आणि नऊ एकरांतली उलथापालथ यात मिसळून जाते. पण उतार ठरवण्यात सगळ्या शेतांचा वाटा सारखा नसतो. रेघेच्या टोकाला, सरासरीपासून लांब असलेली शेतं तिला सर्वांत जास्त फिरवतात, आणि इथे नेमकी तीच सर्वांत बेभरवशाची आहेत. म्हणून नेहमीचं सूत्र सांगतं 0.75. प्रत्येक शेताचा शेष त्याच्या जागेच्या वजनासह घेणारं सूत्र सांगतं 1.03. खात्री उगाच जास्त दाखवली जात होती. उलटही होऊ शकतं: पसारा मधल्या शेतांत जास्त आणि टोकांना कमी असेल, तर नेहमीचं सूत्र खऱ्यापेक्षा मोठा आकडा देतं. त्यामुळे "हेटरोस्केडॅस्टिसिटीने स्टँडर्ड एरर लहान येते" असं सरसकट म्हणू नये.

हे दुसरं सूत्र १९८० साली हॅल्बर्ट व्हाइट यांच्या लेखामुळे अर्थशास्त्रात रूढ झालं. संख्याशास्त्रात फ्रीडहेल्म आयकर आणि पीटर ह्यूबर यांनी त्याचा पाया आधीच, साठच्या दशकात घातला होता. आर ही संगणकभाषा वापरत असाल तर एवढंच लिहायचं:

```r
library(sandwich); library(lmtest)
m <- lm(utpadan ~ ekar, data = shet)
coeftest(m, vcov = vcovHC(m, type = "HC1"))
```

उतार पूर्वीचाच छापला जाईल, बदलेल ती फक्त स्टँडर्ड एरर. सहाच शेतं असताना या सूत्रावरही फार विसंबू नये. ते मोठ्या नमुन्यांसाठी आहे, इथे ते फक्त गणित दिसावं म्हणून चालवलं.

दुसरा मार्ग म्हणजे पसाराच सारखा करणं. एकूण उत्पादनाला एकरांनी भागा, आणि उजवीकडचा पंखा बराचसा मिटतो. शेतीच्या अभ्यासांत एकरी उत्पादन किंवा लॉग घेण्याची पद्धत आहे त्याचं हे एक कारण. पण भागाकाराचा स्वतःचा धोका आहे. समजा शेतकऱ्याने एक एकर सांगितलं आणि प्रत्यक्षात मोजणी पन्नास गुंठे भरली. तर एकरी उत्पादन पाव पटीने फुगतं, आणि तेही एकर कमी दिसत असताना. अशा चुका लहान शेतांत जास्त असतील तर लहान शेत जास्त पिकतं असं दिसायला लागेल. गेल्या दशकभरात युगांडा आणि इथिओपियात संशोधकांनी शेतकऱ्याच्या सांगण्यावर न जाता प्लॉट ठरवून पीक स्वतः कापून मोजलं, तेव्हा ते उलटं नातं जवळजवळ नाहीसं झालं. तिथे चूक एकरांपेक्षा उत्पादनाच्या सांगीव आकड्यांत निघाली. मोजणीतल्या अशा चुकांवर व्हाइट यांच्या सूत्राचा काहीही उपयोग नाही.

पंखा दिसला की लगेच ते सूत्र लावून पुढे जाणाऱ्यांसाठी शेवटी परत पहिल्या शिवारात जाऊ. त्याच सहा शेतांचं एकूण उत्पादन काढा. भारी जमीन: 1 एकराला 10, 4 ला 40, 7 ला 70. हलकी: 5 ला 30, 8 ला 48, 11 ला 66. जमिनीचा रकाना झाकलेला असताना असे ठिपके शेकड्यांनी मांडले, तर ते उजवीकडे पसरत जाणारा पंखा दिसतील, कारण भारी आणि हलक्या जमिनीतलं अंतर एक एकराला चार क्विंटल असतं आणि दहा एकरांना चाळीस. कोणीही म्हणेल, हेटरोस्केडॅस्टिसिटी. पण इथे नशिबाचा भाग काहीच नाही. ते शून्यातून निघालेले दोन सरळ किरण आहेत, एक 10 च्या उताराचा, एक 6 च्या.

या सहा ठिपक्यांतून ओएलएस एकच रेघ काढतं तेव्हा उतार येतो 5.6. या शिवारात एकही एकर असा नाही जो सहा क्विंटलांपेक्षा कमी देतो. व्हाइट यांचं सूत्र लावलं तरी 5.6 चे 5.6 च राहतात, शेजारचा कंसातला आकडा तेवढा बदलतो. म्हणून ठिपके पसरलेले दिसले की माझ्याकडे येणाऱ्यांना मी सूत्राच्या आधी एक काम सांगतो: भारी जमिनीचे ठिपके काळे रंगवा, हलक्या जमिनीचे तांबडे, आणि मग परत बघा.